चाल बाजूला ठेवून

आई,

परवा स्टुडिओत एका मुलीला गाणं गाण्याआधी नुसतं वाचायला सांगितलं, आणि तिथून घरी आल्यापासून मला कुणाशी बोलावंसं वाटेनासं झालंय. म्हणून तुला लिहायला बसले. गाणं तुझ्यावरचं होतं. इतकी वर्षं मी गाणी लिहिली, जयंतीची लिहिली, लग्नाची लिहिली, एका दूध डेअरीच्या कार्यक्रमाचंसुद्धा लिहिलं, पण तुझ्यावर एक ओळ लिहिली नव्हती. यंदा लिहिलं. आणि त्यातला एक अंतरा त्या मुलीच्या तोंडून ऐकताना मला कळलं की तो अंतरा तुझ्याबद्दल नाहीच. तो कुणाबद्दलच नाही.

तू गेल्यावर काय काय झालं ते आधी थोडक्यात सांगते. मी कोल्हापुरात आले, सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर नोकरी लागली, तिथंच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. आबा शेवटची काही वर्षं माझ्याजवळ राहिले, मग तेही गेले. आता राजारामपुरीच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत मी एकटी असते. खाली एक पिठाची गिरणी आहे, ती चालू असली की घराला जरा माणूसपण येतं. बंद झाली की मला माझ्याच चपलेचा आवाज ऐकू येतो. गाणी लिहिण्याची पद्धतही बदलली आहे. संगीतकार पोरगा फोनवर चाल पाठवतो, नुसतं 'ला ला ला' म्हणून, आणि मी त्यावर शब्द बसवायचे. तसं पाहिलं तर फार काही बदललं नाही. आबा तरी काय करत होते? सिनेमातल्या गाजलेल्या गाण्याची चाल घ्यायचे आणि साखर कारखान्यात फिटरची पाळी संपवून आले की भिंतीला टेकून त्यावर आपले शब्द बसवायचे. शिरोळकडच्या आपल्या त्या गावात आबांची गायन पार्टी म्हणजे मोठी गोष्ट होती. पेटी, ढोलकी, दोन कोरसवाले, आणि मधे उभी तू. आजूबाजूच्या गावांत बुद्धविहाराचं उद्घाटन असो की जयंती असो, पार्टीला बोलावणं यायचंच. तू वर सूर लावलास की मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहायची, असं म्हणतात. आबांचं 'उजेड घेऊन आला माणूस' हे गाणं तू किती ठिकाणी म्हटलं असशील याची गणती नाही.

मग तुझ्या गळ्याला गाठ आली. मिरजेला ऑपरेशन झालं. गाठ आवाजाच्या शिरेला धरून वाढली होती, ती काढायची तर शीर वाचणार नव्हती, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, असं आबा पुढे म्हणायचे. तू जगलीस. आवाज मात्र परत आला तो निम्माच. वारा मिसळल्यासारखा, खालच्या पट्टीतला. वर जायला गेलीस की तो फाटायचा आणि मग नुसती हवाच यायची. शिवाय दम पुरायचा नाही. तीन-चार शब्द झाले की तुला थांबून श्वास घ्यावा लागायचा. तू पुन्हा गाण्याचा प्रयत्न केलास की नाही, मला माहीत नाही. केला असशील तर आम्ही घरात नसताना.

पार्टी मात्र थांबवता येत नव्हती. सुपाऱ्या येतच होत्या. पाच-सहा वर्षं कोरसवाल्यांनीच कसंबसं निभावलं, मग आबांनी जयसिंगपूरची एक मुलगी आणली, नुकतं लग्न झालेली, आवाज चांगला, पण गाणी एकही पाठ नाही. ती दुपारी आपल्याकडे यायची आणि स्वयंपाकघरात तुझ्यासमोर मांडी घालून बसायची. मी तेव्हा दुसरीत असेन. तू भाकरी थापत थापत तिला शब्द सांगायचीस. चाल तुला सांगता येत नव्हती. म्हणून तू नुसतं बोलायचीस, आणि तिनंही नुसतं बोलायचं. तिला ते जमायचं नाही. दोन शब्द बोलली की तिसऱ्याला ती गायला लागायची.

"वैनी, चालीशिवाय ध्यानातच येत न्हाय की."

"चाल भाईर ठेव. शेजारणीला सांगतीस तसं मला सांग. काय झालं, कोण आलं, काय घिऊन आलं."

त्या दुपारी तुम्ही 'उजेड घेऊन आला' घेतलं होतं. ध्रुपद ती नीट बोलली. 'उजेड घेऊन आला माणूस, उजेड घेऊन आला, अंधाराच्या दारावरती धक्का देऊन गेला.' तू मान हलवलीस. मग दुसरा अंतरा आला: 'लाखमोलाचा ठेवा त्याचा, अनमोल त्याची कीर्ती, हृदयामध्ये जपून ठेवू मंगल मंगल मूर्ती.' ती हे बोलता बोलता घाईला आली आणि शेवटी परत गाऊ लागली. तू तिला थांबवलंस. पुन्हा बोल म्हणालीस. पुन्हा ती तिथंच घसरली. मग तू स्वतः बोलायला गेलीस. 'लाखमोलाचा ठेवा त्याचा' म्हटलंस, श्वास घेतलास, 'अनमोल त्याची' म्हटलंस, आणि हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली.

"लाखमोलाचा का अनमोल?" तू म्हणालीस. "लाखाचा असला तर मोल झालं की त्याचं."

ती मुलगी हसली. तू पुढे गेलीस. 'हृदयामध्ये जपून ठेवू मंगल मंगल...' आणि परत थांबलीस. आता तूही हसायला लागलीस, आवाज न करता, खांदे हलवत. "अगं, मंगलमूर्ती म्हंजे गणपती न्हवं? आपण विहारात हुबं ऱ्हाऊन इतकी वर्सं गणपतीचं गाणं म्हणतोय!"

आबा ओसरीवर होते. त्यांनी ते ऐकलं. ते आत आले तेव्हा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते म्हणाले, "काय चाललंय?" तू अजून हसतच होतीस, तुला वाटलं तेही हसतील. तू त्यांना दाखवू लागलीस. 'मंगल' दोनदा का आलं? चालीला तिथं आणखी जागा होती म्हणून. 'ठेवा' वर आहे आणि 'ठेवू' परत खाली आहे, कारण दुसरं काही सुचलं नाही. कीर्तीला मूर्ती जुळली म्हणून मूर्ती आली, आणि मूर्ती आली म्हणून मंगल आलं. तू एकेक शब्द असा उचलून दाखवत होतीस, निवडताना खडा बाजूला काढावा तसा, आणि तुझ्या लक्षातच आलं नाही की समोरचा माणूस पांढराफटक पडलाय.

"ह्या कडव्याला माणसं उठून हुबी ऱ्हायली," आबा म्हणाले. "गावागावात हुबी ऱ्हायली. आज तुला त्यात खोट दिसली. तुझा गळा गेला म्हणून माझी गाणी वाईट झाली व्हय?"

तू भाकरी तव्यावर टाकलीस. तिच्यावर पाणी फिरवलंस. आणि मग त्यांच्याकडे न बघता, तुझ्या त्या वाऱ्यासारख्या आवाजात म्हणालीस, "गळा हुता म्हणून चांगली हुती."

ती मुलगी उठून घरी गेली. आबा न जेवता पाळीला गेले. हंगाम चालू होता, कारखाना रात्रंदिवस धडधडत होता, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आबा फक्त पाळीला जायचे आणि झोपायचे. भिंतीला टेकून बसणं बंद झालं. तुम्ही दोघं बोलत होता, नाही असं नाही. डाळ संपली, पोरीची फी द्यायची, एवढंच. मला तेव्हा वाटायचं की तू चुकलीस. आज वाटतं की तू खरं बोललीस, पण ते खरं फक्त त्यांच्या गाण्यांबद्दल नव्हतं. तूही त्या वाक्यात होतीस. तुझं जे गेलं होतं त्याबद्दल त्या घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं, आणि तू बोललीस ते असं, गाण्याच्या आडून.

आता इतकी वर्षं हे काम केल्यावर मला कळतं की त्या दुपारी तुला काय दिसलं होतं. गाताना ओळ एकटी नसते. चाल तिला उचलून धरते, ढोलकी तिची रिकामी जागा भरते, कोरस तीच ओळ परत म्हणतो, आणि एखाद-दोन अक्षरांचा तुटवडा असला तर गाणारी तो सूर लांबवून भरून काढते. 'मंगल मंगल' म्हणताना ओठ मिटून जो म लागतो, तो घुमतो, अंगावर काटा आणतो, आणि त्या काट्यात कुणाला अर्थ विचारायचं सुचत नाही. बोलताना हे सगळं निघून जातं. शब्द उघडा पडतो. मग 'गं' आणि 'रे' आणि 'हा' आणि 'ती', जे नुसते मात्रा भरायला आलेले असतात, ते जेवणाच्या पंगतीत ओळख नसताना येऊन बसलेल्या माणसांसारखे दिसायला लागतात. यमकासाठी वाक्याची मान मुरगाळली असेल तर तेही दिसतं, कारण तसं कुणी बोलत नाही. आणि वाचणारा जिथं घाई करतो, आवाज खाली पाडतो, किंवा नकळत गायला लागतो, नेमकी तीच ओळ कमजोर असते. ती मुलगी दोन्ही वेळा तिथंच गायला लागली होती. चांगल्या ओळीवर तिला चालीची गरज पडली नव्हती. आणि तुझं तर वेगळंच होतं. तुझा दमच तीन-चार शब्दांचा. फुकटच्या शब्दावर खर्च करायला तुझ्याकडे श्वास नव्हता.

मग एक दिवस सकाळी, पहिली पाळी नव्हती म्हणून, आबा आत आले. तू चुलीपाशी होतीस, मी दप्तर भरत होते. त्यांनी एक कागद तुझ्यापुढे केला आणि म्हणाले, "वाच." एवढंच. तू हात पुसलेस. तू वाचलंस, तुझ्या पद्धतीनं, श्वास घेत:

'आजा माझा उभा राहिला शाळेच्या बाहेर,
नात बसली पहिल्या बाकी, हाच तुझा आहेर.'

तू पहिली ओळ वाचून थांबलीस. श्वासासाठी नाही. आबांकडे बघितलंस. "ह्ये खरं हाय?"

"माझ्या बानं सांगितलंय. खिडकीतनं ऐकून शिकायचा. पाऊस आला तरी तिथंच."

"अक्षर तरी आलं का?"

"सही यायची."

तू परत वाचलंस. आता दुसऱ्या ओळीवर तुझं बोट थांबलं. "बाकी म्हंजे उरलेलं. कोण बाकावर बसलं तर बाकी बसली म्हणतंय का? बाकावर म्हणा."

"चालीत बसत न्हाय. मोजून बघितलंय मी."

"मग बसली काढा. बाकावर पोरगी आणि काय करणार हाय, हुबी ऱ्हाणार व्हय?"

"मास्तर बाकावर उभं करतात की!" मी म्हणाले. मला त्याच आठवड्यात केलं होतं. तुम्ही दोघं माझ्याकडे बघून एकदम हसलात, आणि मला समजलं नाही की आपण एवढं काय विनोदी बोललो. आज समजतं की ते हसणं माझ्यासाठी नव्हतंच, किती दिवसांचं ते अडलेलं होतं. आबांनी बोटांवर मात्रा मोजल्या, ओठ हलवत, आणि म्हणाले, "पहिल्या बाकावरती नात, हाच तुझा आहेर." तू ते बोललीस. कुठं अडलं नाही. 'वरती' मधला 'ती' तसा भरतीचाच, पण आपल्याकडे माणसं बोलताना वरतीच म्हणतात, म्हणून तू तो सोडून दिलास. क्रियापद गेलं तरी काही हरवलं नाही. उलट पोरगी बाकावर जास्त ठळक दिसायला लागली. आबांनी कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला, आणि त्या सकाळी कितीतरी दिवसांनी तुझ्याजवळ बसून चहा घेतला.

आबाही त्या दिवसांत तुला एक गोष्ट दाखवून गेले, ती मी विसरले नाही. तू म्हणायला लागली होतीस की बोलून बरं वाटलं म्हणजे ओळ पास. आबांनी एक ओळ तुला वाचायला दिली: 'सारे जग विसरले त्याला.' तू म्हणालीस, चांगली आहे. मग त्यांनी त्या मुलीला ती गायला लावली. चालीची सम पडायची 'विसरले' मधल्या 'वि'वर, तिथं ती थांबून श्वास घ्यायची, आणि ऐकू यायचं 'सारे जगवी, सरले त्याला.' आबा म्हणाले, "बघ. ह्ये बोलून कळलं असतं का?" तू मान्य केलंस. ध्रुपदाचंही तसंच. 'उजेड घेऊन आला' दोनदा बोललं तर वेडगळ वाटतं, पण ते परत परत यायलाच जन्मलेलं आहे, त्याला बोलण्याचा न्याय लावायचा नसतो. त्यानंतर तुमचा तसा ठरावच झाला होता. आधी तू बोलायचीस, मग ती गायची, आणि दोन्हीकडून निसटली नाही तीच ओळ राहायची.

जयंतीला तू आलीस. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मांडवाच्या अगदी मागं, खांबापाशी, मला मांडीवर घेऊन बसलीस. 'लाखमोलाचा'च्या जागी नवा अंतरा आला, 'आजा माझा उभा राहिला', आणि टाळी पडली नाही. एकही नाही. आबा पेटीवर होते, त्यांनी मान खाली घातली. मग पुढचं कडवं सुरू झालं, आणि जुन्या सवयीनं लोकच मधे घुसले. मांडवभर 'मंगल मंगल मूर्ती' सुरू झालं. ते कडवं पार्टीनं टाकून दिलंय हे त्यांना कोण सांगणार? ती बिचारी मुलगी माईकसमोर गप्प उभी राहिली. तुझे खांदे हलताना मला पाठीला जाणवत होते. कार्यक्रम संपल्यावर आबा आले ते पडलेला चेहरा घेऊनच. म्हणाले, "नव्याला कुणी हात हलवला न्हाय." तू म्हणालीस, "कुणी खोकलं पण न्हाय." आबांनी तुझ्याकडे बघितलं. घरी जाताना माझी चप्पल हातात घेऊन मला खांद्यावर घेतलं होतं त्यांनी, आणि चालता चालता ते हळूच तोच अंतरा बोलत होते. गात नव्हते.

मी लिहायला लागल्यावर तू मलाही तसंच बोलायला लावलंस. मीठ मागतीस तसं म्हण, म्हणायचीस. मी कॉलेजात असताना तू गेलीस. नंतर ऐकायला आबा होते. ते डोळे मिटून ऐकायचे आणि कमजोर ओळ आली की नुसतं "हं" म्हणायचे, जरा वर चढवून. तेही गेल्यावर मात्र माझी पंचाईत झाली. आपलं आपण वाचून फारसं कळत नाही, आई. आपल्याला काय म्हणायचं होतं ते आपल्याला माहीत असतं, म्हणून कागदावर नसलेलंही आपल्याला ऐकू येतं. दुसऱ्याचं तोंड लागतं, ज्यानं ती ओळ आधी बघितलेली नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंना एकदा विनंती केली. त्या फार मनापासून वाचतात, पण कविता म्हटली की त्यांना सूर लागतो, शाळेत पाठांतराला लावायचो तसा, आणि त्या हेलकाव्यात सगळं झाकून जातं. वर "छान लिहिता हो" म्हणून वाटीभर काहीतरी देतात. फोनलाही वाचायला लावून बघितलं. आता फोन मजकूर वाचून दाखवतो. पण यंत्राला लाज नाही. ते चांगली ओळ आणि वाईट ओळ एकाच चेहऱ्यानं वाचतं, कुठं घाई करत नाही, कुठं अडत नाही. त्यामुळं त्याच्याकडून काहीच कळत नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून गॅसपाशी वाचते. वाचून झालं की थोडा वेळ थांबते, कुणी काही म्हणतंय का म्हणून. इतक्या वर्षांची सवय आहे.

तुझ्यावरच्या गाण्याचं ध्रुपद मला पहिल्याच दिवशी मिळालं होतं. 'दार लोटून गेलीस आई, कडी कुणी लावायची.' ते बोलूनही टिकलं आणि गाऊनही टिकलं. दुसरा अंतरा तुझ्या गाण्याबद्दलचा होता. संगीतकार पोरानं तिथं चाल फार वर नेली होती, बासरीसकट, आणि मी त्या चालीच्या नादात लिहून टाकलं: 'कोकिळेचा कंठ तुझा गं, अमृताची ती धार, सुरांमधूनी उजळून गेला अवघा हा संसार.' घरी मी ते वाचलं होतं. तुला खोटं सांगत नाही, मी त्या दोन ओळींवर घाई केली होती, आणि घाई केली हे मला कळलंही होतं. पण विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मीही मला विचारलं नाही.

गाणारी मुलगी गडहिंग्लजकडची, नेसरीजवळच्या कुठल्याशा गावची. चांगला गळा आहे. तिनं दोनदा गाऊन दाखवलं तेव्हा 'धार'वर तो संगीतकार पोरगा डोळे मिटून डोलायला लागला. माझाही पाय ठेका धरायला लागला. आणि तेव्हाच मला भीती वाटली. मी म्हणाले, "बाळा, एकदा नुसतं वाचतेस का? चाल न लावता."

"काकू, टायमिंग संपतंय की आपलं," पोरगा म्हणाला. "आणि इथं शब्द ऐकतंय कोण? इथं मी गळा वर नेलाय."

तिनं मात्र वाचलं. ध्रुपद हळू वाचलं, अगदी तू वाचलं असतंस तसं, 'कडी' म्हणताना तिची नजर आपोआप दाराकडे गेली. अंतऱ्याला आली आणि तिचा वेग वाढला. 'अमृताची ती धार' ती जवळजवळ गिळूनच गेली. 'संसार' झाल्यावर ती कागदाकडे बघत राहिली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"चांगलं हाय की मॅडम."

"खरं सांग."

ती अवघडली. मग म्हणाली, "गाताना लई भारी वाटतंय. वाचताना... कुणाची आई हाय ते कळंना. पहिल्या ओळीत कळत हुतं, दाराची कडी आणि ते. इथं कुणाची पण असंल."

पोरगा म्हणाला, "मग चांगलंच हाय की, सगळ्यांना आपली वाटंल."

"न्हाय ओ," ती म्हणाली. "सगळ्यांची वाटाय आधी कुणाची तरी असाय लागती."

 ती वयानं माझ्या निम्म्याहून लहान, तिला कळलं. तिनं पेन घेतलं, कागद मांडीवर ठेवला आणि मला मदत करायच्या भावनेनं, अगदी साधेपणानं विचारलं, "तुमची आई खरंच गात हुत्या काय? कसा हुता आवाज? म्हंजे कशासारखा? तुम्ही नुसतं सांगा, मी लिवून घेते, मग आपण बसवू."

मी सांगितलं, "फार चांगला." ती पेन धरून थांबली. मी म्हणाले, "माणसं उठून उभी राहायची." तिनं ते लिहिलं, आणि परत थांबली. तिला पुढचं हवं होतं. मला पुढचं येत नव्हतं. पोरानं एसी कमी करून विचारलं, "काकू, पाणी देऊ का?" मी त्याला म्हणाले की हा अंतरा काढून टाक. तिथं नुसती बासरी वाजव. तो आधी कुरकुरला, मग त्यानं वाजवून बघितलं आणि म्हणाला, हे पण चालतंय. मुलीनं बाकीचं गाणं एका दमात गायलं. ध्रुपदावर तिनं चाल जरा धरून ठेवली, फार हलवली नाही. रेकॉर्डिंग झालं. पुढच्या आठवड्यात गाणं येईल, लोक फोनवर ऐकतील, मधे बासरी का आहे असं कुणी विचारणार नाही. ती मुलगी जाताना पाया पडली. म्हणाली, काही आठवलं तर सांगा मॅडम, परत येऊन गाईन, पैसे नको.

दोन दिवस मी त्या जागी ओळ बसवायला बघते आहे. चंद्र, चांदणं, मोगरा, मध, सगळं येऊन जातं, आणि गॅसपाशी उभं राहून बोललं की गळून पडतं. तुझ्या बोलण्याबद्दल विचार, मी पानंच्या पानं लिहीन. तो वारा मिसळलेला आवाज, तीन शब्द आणि श्वास, 'न्हवं' म्हणताना शेवटी नुसती हवा यायची ती. तो आवाज मला आत्ताही ऐकू येतोय. ऑपरेशन झालं तेव्हा मी पाळण्यात होते, आई. आपल्याकडे टेपरेकॉर्डर नव्हता. लोक अजून भेटतात, शिरोळकडचं एखादं म्हातारं माणूस दवाखान्याच्या वाटेवर भेटतं आणि म्हणतं, तुझ्या आईसारखा गळा परत झाला न्हाय बघ, तुला तर आठवत असंल. मी व्हय म्हणते. इतकी वर्षं व्हय म्हणत आलेय, आबांनासुद्धा म्हणाले.

मला आठवत नाही. मी तुला गाताना कधी ऐकलेलंच नाही.